टीप की ठसका?

रॅपमध्ये ‘बाइट’ म्हणजे दुसऱ्याची शैली चोरणं; या जगात याहून मोठा आरोप क्वचितच असेल. रॅपचा मराठी अनुवाद करताना ‘यू बाइट माय फ्लो’चं शब्दशः ‘तू माझा फ्लो चावतोस’ केलं, तर अर्थ सांगणारी टीप द्यावीच लागते. छापील पानावर ती चालते, अभ्यासकाला मूळ शब्दही मिळतो. पण ओळ ऐकताना अपमान झोंबायला हवा, आणि समजावलेला अपमान झोंबत नाही.

दुसरा मार्ग मला जवळचा: ‘माझं उष्टं खाऊन ढेकर देतोस’. चोरी कळते, तोंडाची प्रतिमा टिकते, तुच्छताही येते. मात्र पुढच्याच ओळीत दात किंवा कुत्रा आला, तर ‘उष्टं’ तिथे जुळत नाही. म्हणून आधी पुढच्या चार ओळी वाचाव्यात. दातांचा धागा असेल तर ‘लचका तोडतोस’ घ्यावं.