आठ महिन्यांचा अनुभव : तक्रार ‘निकाली’ निघते, दिवा लागत नाही

जून ते जानेवारी या आठ महिन्यांत मी आमच्या महापालिकेच्या हेल्पलाइनवर कचरा, खड्डे आणि पथदिव्यांच्या मिळून 19 तक्रारी केल्या. मुंबईत 1916 आहे, तसाच आमच्याकडेही एक क्रमांक आहे. फोन लगेच उचलतात, नीट बोलतात, पत्ता आणि जवळची खूण विचारतात आणि दोन मिनिटांत तक्रार क्रमांक येतो. इथपर्यंत काहीच तक्रार नाही. अडचण पुढे येते. फोनवरची व्यक्ती फक्त नोंद करून संबंधित विभागाकडे पाठवते. काम झालं की नाही हे तिलाही विभागाने भरलेल्या शेऱ्यावरूनच कळतं.

आमच्या गल्लीत पथदिव्यांचे 12 खांब आहेत. जुलैच्या पावसात 2, 5, 8 आणि 11 नंबरचे दिवे गेले. मी ‘दिवे बंद’ अशी तक्रार केली. दोन दिवसांनी ‘निकाली’ असा मेसेज आला, सोबत शिडीच्या गाडीचा फोटो. फोटो भर दुपारचा. रात्री चारही खांब काळोखातच. पुन्हा तक्रार केली, पुन्हा निकाली. तिसऱ्यांदा खांबांचे नंबर दिले, तर शेरा आला, ‘दिवा बदलला’. 5 नंबरवर खरंच नवीन दिवा बसवला होता, पण तो लागतच नव्हता.

शेजारचे काका वीज खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी बाहेर येऊन नुसते खांब मोजले आणि म्हणाले, “अगं, दर तिसरा खांब बंद आहे. दिवे नाही गेले, फेज गेलाय.” पथदिव्यांच्या लाइनला सहसा तीन फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन वेगळ्या तारा असतात आणि खांब त्यांवर आळीपाळीने जोडतात. एकच दिवा बंद असेल तर बिघाड बहुधा त्या दिव्यात असतो. दर तिसरा बंद असेल तर एक फेज गेलेला असतो आणि सलग सगळे बंद असतील तर मुख्य पुरवठा किंवा टायमर बघायचा. कंत्राटदाराचा माणूस दुपारी येत होता, तेव्हा लाइनला वीजच नसते. दिवा बदलून तो लागतो का, हे त्याला कळायला मार्गच नव्हता. आणि तक्रारीच्या यादीत ‘दिवा बंद’ एवढा एकच पर्याय असल्याने प्रत्येक वेळी दिवा बदलणाराच येत होता.

मग मी वॉर्ड ऑफिसला गेले. साध्या कागदावर लिहिलं : खांब क्रमांक 2, 5, 8, 11, रात्री आठनंतर बंद, एक फेज बंद असल्याची शंका, आधीचे तीन तक्रार क्रमांक. आवक टेबलावर एक प्रत देऊन दुसरीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. विद्युत विभागाचे कनिष्ठ अभियंता तो कागद वाचताच म्हणाले, “संध्याकाळी येतो.” आले. फीडर पिलर, म्हणजे दिव्यांना वीज देणारी रस्त्याकडेची पेटी उघडली, तर एका फेजचा एमसीबी, म्हणजे दोष आला की आपोआप बंद होणारा स्विच पडलेला. वर केला की लगेच पुन्हा पडायचा. म्हणजे केबलमध्येच दोष. एकेका खांबाशी जोडणी सोडवत गेले. 5 च्या पुढचा भाग सोडवल्यावर एमसीबी टिकला. 5 आणि 8 च्या मध्येच मे महिन्यात पाण्याच्या पाइपसाठी चर खणला होता. तिथे केबल खरवडली होती आणि पावसाचं पाणी आत शिरलं होतं. तिसऱ्या दिवशी जॉइंट मारून चारही दिवे लागले. आठ महिन्यांत सगळ्यात समाधान मला त्या रात्री मिळालं.

कचऱ्याच्या तक्रारी सर्वात पटकन सुटतात, कारण मुकादम आणि गाडी रोज भागात असतेच. ढीग दुसऱ्या दिवशी उचलला जातो आणि आठवड्यात तिथेच पुन्हा साठतो. आमच्या कोपऱ्यावर गाडी सकाळी सातला येऊन जायची आणि आठला घर सोडणारे लोक तिथे पिशव्या ठेवून जायचे. ‘ढीग उचला’ ऐवजी ‘गाडीची वेळ बदला’ असा अर्ज आरोग्य निरीक्षकांना दिला. वेळ साडेआठ झाल्यापासून ढीग निम्म्याहून कमी झालाय.

खड्ड्याचं मात्र अजून सुटलेलं नाही. एकच खड्डा तीनदा बुजवला, तीनदा उखडला, कारण तिथे पाणी तुंबतं आणि भर साचलेल्या पाण्यातच टाकतात. रस्ता नवीन दिसतो. नवीन रस्त्याला दोषदायित्व कालावधी असतो आणि त्या मुदतीत दुरुस्ती मूळ कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची असते. ती मुदत चालू आहे का, हे हेल्पलाइनवर कोणी सांगू शकलं नाही. म्हणून 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज केला : कामाचा आदेश, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि दोषदायित्वाची मुदत. उत्तराला 30 दिवस असतात. त्यातले 11 झालेत. खड्डा सध्या वीतभर खोल आहे आणि त्याचा फोटो मी दर सोमवारी पट्टी ठेवून काढते.