डोळे, केस, शेड, लाईन: चार रकान्यांचा वर्णन-फॉर्म काही महिने वापरून

मी अॅनिमे स्टाईलचे पोर्ट्रेट कमिशनवर काढून देते, बहुतेक हौशी गेम बनवणारे नाहीतर वेबकॉमिकवाले क्लायंट असतात. त्यांच्याकडून वर्णन मागवायला मी एक साधा फॉर्म वापरते, त्यात चारच रकाने आहेत. डोळ्यांचा आकार, केसांचा प्रवाह, सेल शेडिंग आणि लाईनची जाडी, बस. उन्हाळ्यापासून वापरतेय, आता दिवाळी आली, म्हटलं अनुभव लिहून टाकूया, कारण बऱ्याच जणांनी इनबॉक्समध्ये विचारलं की हे खरंच कामाचं आहे का नुसता दिखावा.

कामाचं आहे. पण क्लायंटने रकान्यात विशेषणं भरली तर शून्य उपयोग. "मोठे सुंदर डोळे, लांब सिल्की केस, अॅनिमे शेडिंग, क्लीन लाईन" असा फॉर्म आला की मला काहीच कळलेलं नसतं, कारण यातला एकही शब्द पेन कुठून कुठे न्यायचं ते सांगत नाही. सुंदर म्हणजे बाहेरचा कोपरा वर का खाली? लांब केस बांधलेत का मोकळे, भांग कुठे? जे ठरवल्याशिवाय हात पुढे सरकत नाही तेच फॉर्ममध्ये यायला पाहिजे, बाकी सगळं गप्पा.

एक खरं काम घेऊन सांगते म्हणजे कळेल. एकाला त्याच्या छोट्या गेमसाठी रेवा नावाचं कॅरेक्टर हवं होतं, सव्वीस वर्षांची, विजेच्या खांबावर चढणारी लाइनवुमन, रात्रपाळी करून वैतागलेली. पहिलं वर्णन आलं ते वर लिहिलंय तसंच, फक्त शेवटी "थोडी अँग्री" जोडलेलं. मग फोनवर बसून आम्ही एकेक रकाना परत भरला.

डोळ्यांपासून सुरू केलं, कारण या स्टाईलमध्ये अर्धं कॅरेक्टर तिथेच ठरतं. जपानी आर्टिस्ट लोक दोन मुख्य प्रकार धरतात, त्सुरिमे म्हणजे बाहेरचा कोपरा वर चढलेला आणि तारेमे म्हणजे बाहेरचा कोपरा खाली उतरलेला. पहिल्यात माणूस तिखट, हट्टी वाटतो, दुसऱ्यात मवाळ नाहीतर झोपाळू. रेवाला त्सुरिमे हवे हे उघड होतं, पण एवढ्याने भागत नाही, कारण त्सुरिमे आणि पूर्ण उघडे डोळे काढले तर ती भांडखोर शाळकरी पोरगी दिसते, थकलेली बाई नाही. थकवा येतो पापणीतून. वरची पापणी बुबुळाचा वरचा एक तृतीयांश भाग झाकते आणि पापणीची रेघ मधे जवळजवळ सपाट जाते, कमान नाही, असं लिहिल्यावर चेहरा लगेच बदलला. बुबुळ खालच्या रेघेला टेकतं का हेही विचारायचं, कारण खाली पांढरं दिसलं की नजर खुनशी होते, वर पांढरं दिसलं की माणूस दचकलेला वाटतो, आणि हे दोन मिलिमीटरचे खेळ आहेत पण बघणाऱ्याला आधी तेच जाणवतात. वयसुद्धा इथेच येतं बरं का, लहान मुलाचं बुबुळ मोठं आणि गोल, मोठ्या माणसाचा डोळा उंचीला कमी आणि आडवा लांब. खालची रेघ अख्खी काढायची नाही, बाहेरच्या बाजूला थोडी आणि मधे तुटलेली ठेवायची, नाहीतर डोळ्याला चष्म्याची फ्रेम लावल्यासारखं दिसतं.

पोर्ट्रेट थ्री-क्वार्टर अँगलचं, म्हणजे चेहरा जरा एका बाजूला वळलेला असेल तर पलीकडचा डोळा रुंदीला कमी होतो, उंचीला जवळपास तेवढाच राहतो. नवीन लोक दोन्ही कमी करतात आणि मग चेहरा वितळल्यासारखा दिसतो. कॅनव्हास आडवा फ्लिप केला की लगेच पकडता येतं, एक डोळा खाली घसरलेला किंवा बारका झालेला असेल तर फ्लिप केल्यावर डोळ्यात खुपतोच.

केसांच्या रकान्यात मी आता चार गोष्टी लिहून घेते, सुरुवात कुठून, भांग कुठे, कुठे अडकतात आणि टोकं कुठे जातात. केस कपाळापासून उगवत नाहीत, डोक्याच्या मागच्या-वरच्या भोवऱ्यातून सगळीकडे पसरतात, आणि हे डोक्यात नसलं की पुढची झुलपं विग चिकटवल्यासारखी बसतात. रेवाचं वर्णन असं झालं: मधला भांग, केस घट्ट मागे, मानेपाशी सुरू होणारी सैल वेणी डाव्या खांद्यावरून पुढे, वारा तिच्या उजवीकडून, त्यामुळे कानाजवळच्या दोनच बटा सुटून डावीकडे गेलेल्या. हे "वाऱ्याने केस उडतायत" पेक्षा कितीतरी बरं, कारण मुळं हलत नाहीत, हलतात ती टोकं, आणि वेणीसारखी जड गोष्ट वाऱ्यात उडत नाही, फार तर शेपूट जरा कलतं. काढताना आधी तीन-चार मोठे गठ्ठे, मग प्रत्येकाचं टोक एक-दोनदा फोडायचं. पहिल्यापासून एकेक केस काढायला गेलं की झाडू होतो.

आणि हो, तिच्या केसांना तेल लावलेलं आहे असं क्लायंटने सहज लिहिलं होतं, पण ते फार कामाला आलं. कोरड्या मोकळ्या केसांवर जो चमकीचा पट्टा असतो तो डोक्याच्या गोलाईने आडवा जातो, बटांच्या दिशेने उभा नाही, आणि त्याची कड दातेरी असते. तेलकट केसांना तो पट्टा अरुंद आणि कडक होतो, आणि वेणीत प्रत्येक पेडावर वेगळा छोटा तुकडा पडतो. तेल असा एक शब्द लिहिल्यामुळे हायलाइटचा अख्खा आकार ठरला.

आता सेल शेडिंग, ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. लोकांना वाटतं कडक कडेची सावली टाकली की झालं. ही पद्धत जुन्या, हाताने रंगवायच्या अॅनिमेशनच्या सेलवरून आली, पारदर्शक शीटवर पुढून रेघा आणि मागून सपाट रंग, मऊ ब्लेंडिंग करायला वावच नव्हता आणि तोच रंग शेकडो फ्रेममध्ये परत भरायचा असायचा. म्हणून मूळ रंग, एक सावली, गरज पडली तर दुसरी गडद सावली आणि हायलाइट, एवढ्यातच सगळं बसवायचं. सावलीची हद्द अॅनिमेटर आधी रंगीत पेन्सिलीने आखून द्यायचे, रंगवणाऱ्याने फक्त भरायचं. मतलब सावली हा आधी आकार आहे, मग रंग. म्हणून फॉर्ममध्ये "अॅनिमे शेडिंग" लिहून काही कळत नाही, प्रकाश कुठून येतो आणि सावल्या किती टप्प्यांच्या हे लिहावं लागतं.

माझ्या मते या फॉर्मचा सगळ्यात मोठा दोष इथे आहे, प्रकाशाला स्वतःचा रकानाच नाही. तो शेडिंगमध्ये कोंबावा लागतो आणि निम्मे लोक विसरतात. रेवासाठी आम्ही ठरवलं की पिवळा सोडियम दिवा चित्राच्या डाव्या बाजूने वरून, बाकी रात्र, म्हणजे सावली जांभळ्याकडे झुकणार. एकच सावली सगळीकडे, दुसरी गडद फक्त हेल्मेटच्या कडेखाली आणि हनुवटीखाली मानेवर. नाकाला सावलीचा छोटा त्रिकोण, गालावर काही नाही. गालावर सावलीचे तुकडे वाढले की चेहरा म्हातारा होतो, हे कायम लक्षात ठेवा.

रंगाचं एक उदाहरण देते, आकडे कॉपी करून बघा. तिची गव्हाळ त्वचा #C68E65 आहे. त्यावर मल्टिप्लाय लेयर, म्हणजे खालचा रंग गडद करणारा थर टाकून राखाडी #B3B3B3 भरला तर सावली #8B6447 येते, तोच रंग फक्त मंद झालेला, आणि चेहरा मळकट दिसतो. त्याऐवजी सरळ #8A5560 घेतला. उजेडाला दोन्ही जवळपास सारखेच गडद आहेत, पण दुसरा लालसर-जांभळ्याकडे सरकलाय त्यामुळे त्वचा जिवंत वाटते आणि रात्रही वाटते. राखाडी मल्टिप्लाय हा शॉर्टकट गोऱ्या कातडीवर कसाबसा खपून जातो, आपल्या रंगांवर लगेच चिखल होतो. ट्युटोरियल बघून शिकलेल्यांना हे कोणी सांगत नाही कारण ट्युटोरियलमधली कॅरेक्टर बहुतेक गोरीच असतात.

लाईनच्या रकान्यात "क्लीन" हा शब्द मी बॅन केलाय. जाडी आकड्यात आणि कॅनव्हासच्या मापासोबत लिहायची, आणि चित्र शेवटी केवढं दिसणार तेही. रेवाचा कॅनव्हास 3000 पिक्सेल उंच, पण गेममध्ये ती 600 पिक्सेलची दिसणार, म्हणजे पाचपट बारीक. तर 3 पिक्सेलची रेघ तिथे एक पिक्सेलसुद्धा उरत नाही, नुसता राखाडी धूर होतो, आणि केसांच्या आतल्या नाजूक रेघांवर केलेली सगळी मेहनत पाण्यात. म्हणून बाहेरची कड 9, आतल्या रेघा कमीत कमी 5, वरची पापणी मधे 14 आणि दोन्ही टोकांना निमुळती. टीव्ही अॅनिमेची रेघ बऱ्यापैकी एकसारखी असते, मांगाची रेघ सुरुवातीला आणि शेवटी बारीक होते, क्लायंटला यातलं कोणतं हवंय ते एकदा विचारून घ्या, नाहीतर लोक मांगाचे फोटो पाठवतात आणि म्हणतात अॅनिमेसारखं.

मी क्लिप स्टुडिओ पेंट या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लाईन व्हेक्टर लेयरवर काढते, त्यामुळे जाडी नंतर बदलता येते आणि एकमेकांवरून गेलेल्या रेघा व्हेक्टर इरेझरने छेदापर्यंत एका फटक्यात पुसता येतात. रेघ स्वच्छ आहे का बघायचं असेल तर फिल टूलने रंग ओतून बघा. रंग बाहेर सांडला म्हणजे कुठेतरी फट आहे, कडेला पांढरी किनार राहिली म्हणजे रेघेची कड फार मऊ आहे. गॅप बंद करायची सेटिंग असते, पण ती खूप वाढवली तर पापण्यांच्या मधले छोटे कोपरे रंगायचेच राहून जातात.

वैताग कुठे येतो तेही सांगते. भुवया आणि तोंड या फॉर्ममध्ये कुठेच नाहीत, आणि रेवाचा वैताग शेवटी भुवयांनीच आला, आतली टोकं खाली दाबून आणि एक भुवई जराशी वर ठेवून. शिवाय नाक-जबड्याबद्दल कोणी काही लिहीत नसल्यामुळे दहा फॉर्म आले की दहा जणांचा जबडा सारखाच निघतो, फक्त केस बदलतात. कपड्यांना रकाना नाही याचं मला दुःख नाही, छातीपर्यंतच्या पोर्ट्रेटमध्ये कॉलर आणि एक घडी पुरते. आणि कोणाला मऊ, पेंटिंगसारखं काम हवं असेल तर हा फॉर्म देऊच नका, तिथे अर्धे प्रश्न लागूच होत नाहीत.

सध्या मी प्रकाशासाठी पाचवा रकाना जोडलाय आणि डोळ्यांच्या रकान्याचं नाव "डोळे आणि भुवया" केलंय. एक अटही टाकलीय, लाईन फायनल झाल्यावर केसांची दिशा बदलायची असेल तर वेगळे पैसे, कारण केस वळले की हायलाइट आणि मानेवरची सावली दोन्ही परत आखावी लागतात. रेवाच्या क्लायंटला शेवटच्या क्षणी वेणी उजव्या खांद्यावर हवी झाली होती, त्याला वाटलं इमेज फ्लिप केली की झालं, पण फ्लिप केल्यावर दिवाही उजवीकडे गेला आणि गेमच्या बॅकग्राउंडमध्ये खांब डावीकडेच उभा होता. शेवटी वेणी डावीकडेच राहिली.