ओटीपी मी कुणालाच सांगितला नव्हता, तरी 86,499 रुपये गेले

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. ओटीपी सांगू नये हे मला कळतं, आणि मी तो कुणालाही सांगितलेला नाही. तरीसुद्धा डिसेंबरात एका दुपारी माझ्या खात्यातून आधी 49,999 आणि मग 36,500 रुपये गेले. गावात लोक विचारतात तेव्हा अजून मान खाली जाते. लिहितोय ते एवढ्यासाठी, की चोराला माझी माहिती ज्या ॲपमधून मिळाली त्या कंपनीने ग्राहकांना अजून एका ओळीनेही कळवलेलं नाही.

अमळनेर तालुक्यात आमची शेती. हरभऱ्यावर घाटेअळी दिसली म्हणून शेतीसाहित्याच्या एका ॲपवरून बॅटरीचा फवारणी पंप मागवला. किंमत 3,249. सोबत 380 चा नोझल संच टाकला होता, पण जुना सापडला म्हणून तो त्याच संध्याकाळी रद्द केला. त्याचे पैसे यायचे होते.

चौथ्या दिवशी फोन आला. बाई हिंदीत बोलत होती. माझं नाव, ऑर्डर नंबर, पंप, सगळं बरोबर. पत्ता वाचताना ती अडखळली: "डेअरी के... मांगे?" ॲपमध्ये खूण लिहिताना मी आपल्या बोलीत 'दूध डेअरीना मांगे', म्हणजे डेअरीच्या मागे, असं टाकलं होतं. मला हसू आलं. माझे शब्द तिच्यासमोर आहेत म्हणजे ती कंपनीचीच, असं मी धरून चाललो. मग ती म्हणाली, तुम्ही रद्द केलेल्या नोझलचे 380 रुपये अडकलेत. हे तर खरंच होतं! तुम्हीच सांगा, संशय कुठे घ्यायचा?

व्हॉट्सॲपवर फॉर्म म्हणून फाईल आली, शेवटी .apk. ती उघडताना फोनने एकदा थांबवलं, अनोळखी ठिकाणचं ॲप आहे म्हणाला. मी पुढे ढकललं. मग त्या ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली. तिथे, नेमकं तिथे मी थांबायला हवं होतं. पैसे परत द्यायला कुणाला माझे मेसेज कशाला वाचायला लागतात? पण बाई कानाशी बोलतच होती आणि शेतात मजूर खोळंबले होते. परवानगी दिली. 'खातं जुळवायला 5 रुपये' म्हणून कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे भरले. ओटीपी आला तो त्या ॲपनेच वाचला आणि पुढे पाठवला. बँकेचे मेसेजही मला दिसले नाहीत. तीन तासांनी कृषी केंद्रात औषधाचे 1,350 द्यायला गेलो तेव्हा खात्यात पैसे नाहीत असं कळलं.

अशी फाईल चुकून उघडलीच तर आधी फोनचा डेटा आणि वायफाय बंद करा, आणि दुसऱ्याच्या फोनवरून 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. बँकेत नंतर जा. मी उलट केलं. शाखेत पाऊण तास घालवला, मग 1930 लावला. तोवर पैसे तीन खात्यांतून फिरले होते. 11,200 तेवढे एका खात्यात रोखले गेले.

घरी बायको एवढंच म्हणाली, "तुमले कोनी सांगेल व्हतं तीनशे ऐंशीसाठे?" उत्तर नव्हतं.

बँकेचं म्हणणं, ओटीपी वापरला गेला म्हणजे हलगर्जी तुमची. रिझर्व्ह बँकेचं जुलै 2017 चं परिपत्रक दाखवलं. त्यात चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य असते. साहेबांनी त्याच कागदातली पुढची ओळ दाखवली: ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. पोलीस ठाण्यात तक्रार घेतली, पण माहिती कुठून फुटली ते तपासा म्हटल्यावर, "ते कंपनीला विचारा." कंपनी म्हणे पोलिसांना विचारा. आणि मी जळगावच्या सायबर ठाण्याच्या बाकावर!

शेवटी स्वतःच डोकं लावलं. पंपाच्या खोक्यावरचं लेबल मी फाडलं नव्हतं. त्यावर नाव, फोन, पत्ता, अगदी 'मांगे' सुद्धा होतं. म्हणजे एवढी माहिती कुरिअरवाल्याकडूनही जाऊ शकते. पण रद्द केलेला नोझल संच लेबलवर नव्हता, कारण तो निघालाच नव्हता. तो ठाऊक फक्त ॲपला, विक्रेत्याला आणि त्यांच्या आतल्या कामवाल्यांना. गावच्या ग्रुपवर विचारलं तर आणखी तिघांना हाच फोन आलेला, आणि तिघांनीही त्याच ॲपवर काहीतरी रद्द केलेलं. (खोकं फेकायच्या आधी लेबलचा फोटो काढत जा.)

हे सगळं लिहून मी ॲप कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निकाल लावायचा असतो. ग्राहक सेवेच्या चॅटवर वेळ घालवू नका, तिथे फक्त 'आम्ही दिलगीर आहोत' मिळतं. मी विचारलं: माझी कोणती माहिती बाहेर गेली, कोणत्या तारखेपासून, कुणाच्या यंत्रणेतून? सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, सर्ट-इनला, कळवलं का, कधी? एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे कळल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं. बाकीच्या ग्राहकांना कधी सांगणार? आणि माझे 86,499?

पहिलं उत्तर आलं, "आमची यंत्रणा सुरक्षित आहे, ओटीपी कुणालाही सांगू नका." तिसऱ्या ईमेलनंतर सूर बदलला. एका सेवा भागीदाराच्या यंत्रणेत 'काही ऑर्डरचा तपशील' अनधिकृतपणे पाहिला गेला, पण 'कोणतीही आर्थिक माहिती' गेली नाही. अहो, कार्ड नंबर गेला नाही हे खरं, पण तो मी ज्या विश्वासाने दिला तो विश्वास तुमच्याच ऑर्डरच्या तपशिलाने तयार केला ना?

कायदा बघायला गेलो तर आणखी संताप. आयटी कायद्याचं कलम 43अ भरपाई देतं, पण पासवर्ड, बँक, आरोग्य अशा 'संवेदनशील' माहितीपुरतंच. नाव, पत्ता, नोझल त्यात बसत नाहीत. नवा डेटा संरक्षण कायदा 2023 चा, त्याचे नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये, आणि फुटलेली माहिती ग्राहकाला कळवायची सक्ती त्यानंतर 18 महिन्यांनी. दंड 250 कोटींपर्यंत, पण तो सरकारजमा. ज्याचं गेलं त्याच्या हाती काय?

म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात सेवेतल्या त्रुटीची तक्रार टाकतोय. माल पाच लाखांच्या आतला असल्याने शुल्क लागत नाही, आणि अर्ज ऑनलाइन होतो. त्या तिघांपैकी दोघे सोबत यायला तयार आहेत. तिसरा म्हणतो, माझे काही गेले नाहीत, मी कशाला? नोझलचे 380 रुपये नवव्या दिवशी आपोआप खात्यात जमा झाले. त्याचा मेसेज मात्र मला व्यवस्थित दिसला. तुम्हीही शेतीसाहित्याच्या ॲपवर काही रद्द केलं असेल आणि नंतर असा फोन आला असेल, तर फोनची तारीख आणि रद्द केल्याची तारीख दोन्ही लिहून ठेवा. आयोगापुढे मला त्याच दोन तारखा लागणार आहेत.