वेबिनार सेवेचा नऊ महिन्यांचा अनुभव: बाकी ठीक, पण वेळेने घात केला

सेवेचं नाव घेत नाही, कारण हा दोष इतर ठिकाणीही सापडेल. आमचा मसाला पाकिटबंद करणारी यंत्रं बनवायचा छोटा कारखाना आहे. गिऱ्हाईक महाराष्ट्रात, दुबईत, जर्मनीत आणि न्यू जर्सीत. नव्या यंत्राच्या लाँचचं आमंत्रण पाठवायला वर्षाचे पैसे एकरकमी भरून ही सेवा घेतली. चित्र, आवाज, नोंदणीचं पान सगळं चांगलं आहे, त्यावर वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते आमंत्रणातल्या ‘कॅलेंडरमध्ये टाका’ या बटणाबद्दल.

पहिला कार्यक्रम मंगळवार, 11 मार्च 2025, भारतीय वेळ संध्याकाळी 6:30. दुबईच्या घड्याळात तेव्हा 5 वाजलेले असतात. आमचे तिथले जुने व्यापारी 6:30 ला हजर झाले, म्हणजे आपले रात्रीचे 8. कार्यक्रम 7:45 लाच संपला होता. त्यांचा फोन आला, "अहो, तुमच्याच मेलमधून नोंद घेतली, माझ्या मोबाईलवर साडेसहाच दिसतंय!" मी ती .ics फाईल नोटपॅडमध्ये उघडली. आत हे होतं:

```
DTSTART:20250311T183000
```

पुढे ना Z, ना कुठल्या गावाचं नाव. अशी वेळ अधांतरी असते. ज्याच्या मोबाईलवर उघडेल त्याच्या घड्याळाप्रमाणे 6:30 दाखवते. पुण्यात बसून तपासलं तर सगळं बरोबरच दिसतं, म्हणून हा दोष पाठवणाऱ्याला कधी कळत नाही. असायला हवं होतं ते असं:

```
DTSTART:20250311T130000Z
DTEND:20250311T141500Z
```

Z म्हणजे यूटीसी, जगभरची प्रमाण वेळ. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा केले की झालं, बाकीचं ज्याचं त्याचं कॅलेंडर बघून घेतं.

सेवा केंद्राशी आठवडाभर मेलामेली चालली. उत्तर एकच, "ग्राहकाच्या मोबाईलची सेटिंग तपासा." फाईलमधली ओळ पाठवली तरी तेच! तीन देशांतले ग्राहक एकाच दिवशी मोबाईलची सेटिंग बिघडवून बसले होते की काय?

त्यातच दुसरी गंमत. मेलमधल्या तक्त्यात न्यू जर्सीपुढे ‘8:00 AM EST’ छापून आलं. EST म्हणजे तिथली हिवाळ्यातली वेळ. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, त्या वर्षी 9 तारखेला. म्हणजे 11 ला तिथे सकाळचे 9 होते. युरोपची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतात, म्हणून जर्मनीत मात्र दुपारचे 2 बरोबर होते. मधल्या दोन-तीन आठवड्यांत जुना तक्ता चालत नाही. ऑक्टोबरअखेरही तेच, युरोप आधी आणि अमेरिका आठवडाभराने मागे येते.

इथवर मी सेवा बंदच करणार होतो. पण हजेरीची यादी नीट बघितल्यावर मत थोडं बदललं. न्यू जर्सीचे बहुतेक जण वेळेवर आले होते, आणि आले ते ‘एका तासात सुरू होत आहे’ या आठवणीच्या मेलमुळे. मला ही मेल म्हणजे कटकट वाटायची. पण तिच्यात घड्याळाची वेळच नसते, त्यामुळे चुकायला जागा नाही. ती बंद करू नका.

यावरून कार्यक्रमपत्रिकाही बदलली. आता घड्याळाच्या वेळा एकदाच, वर: गाव, वार, तारीख, वेळ. EST, IST अशी अक्षरं नाहीत, कारण IST इस्रायलचंही आहे. खाली फक्त मिनिटं: सुरुवातीला स्वागत, 5व्या मिनिटाला यंत्र चालवून दाखवणं, 30व्याला सफाई आणि सुटे भाग, 45व्याला किंमत आणि डिलिव्हरी, 55व्यापासून प्रश्न. ज्याला फक्त किंमत ऐकायची आहे तो कुठल्याही देशातून बरोबर त्या वेळी येतो.

नोंदणीच्या सूचनेत एक वाक्य ठळक करा: नोंदणीनंतर येणारी प्रवेशाची लिंक एकट्या तुमची आहे, सहकाऱ्याला पाठवायची तर आमंत्रणातली नोंदणीची लिंक पाठवा. आमच्याकडे एका कंपनीतले दोघे एकाच लिंकवर आले, दुसरा आत येताच पहिला बाहेर फेकला गेला.

28 ऑक्टोबरच्या कार्यक्रमाला त्यांचं बटण काढून माझी स्वतःची .ics जोडली. पाठवण्याआधी मोबाईलचा टाईम झोन दुबई आणि न्यूयॉर्क करून उघडून पाहिली, 5 आणि 9 दिसले. दुबईचे व्यापारी पहिल्या मिनिटापासून हजर होते. डिसेंबरात त्यांच्या अपडेटमध्ये Z आलाय, न कळवता. EST मात्र तसाच आहे, आणि तो तक्ता आपल्या हाताने बदलायची सोय वरच्या, महागड्या योजनेतच आहे. एका ओळीसाठी मी जास्तीचे पैसे भरणार नाही. मुदत संपेपर्यंत नोंदणी त्यांची आणि आमंत्रणाची मेल माझी, असंच चालवणार.