कॅसिओ एफ-९१ की ए-१६८? घेण्याआधी हे बघा

गजर, स्टॉपवॉच आणि दिवा असलेलं जुन्या वळणाचं डिजिटल घड्याळ घ्यायचं ठरलं की निवड बहुधा कॅसिओच्या दोन मॉडेलांवर येऊन थांबते: १९८९ पासून चालत आलेलं प्लास्टिकचं एफ-९१डब्ल्यू आणि स्टीलच्या पट्ट्याचं ए-१६८.

खरा फरक दिव्याचा आहे. एफ-९१ मध्ये डाव्या कोपऱ्यात एक बारीक हिरवा एलईडी असतो. त्याने डावीकडचे आकडे उजळतात आणि सेकंद अंधारातच राहतात. ए-१६८ चा पडदा मागून सगळा एकसारखा निळसर-हिरवा उजळतो. रात्रपाळीत नाडी मोजणाऱ्या नर्सला सेकंदच लागतात, तिने सरळ ए-१६८ घ्यावं. फक्त ही पाठीमागची पट्टी वर्षं जातील तशी मंद होत जाते, म्हणून जुनं घड्याळ घेताना आधी दिवा लावून बघा.

टिकाऊपणात मात्र मी एफ-९१ ला झुकतं माप देईन. दोन्हींत काटे नाहीत, चाकं नाहीत, त्यामुळे आपटल्यावर सरकण्यासारखं आत फारसं काही नसतंच. एफ-९१ तर जेमतेम २१ ग्रॅमचं, हातातून पडलं तरी जोराचा दणका बसत नाही. ए-१६८ ची चकाकी म्हणजे प्लास्टिकवरचा मुलामा. कोपऱ्यांवर तो घासून निघतो आणि पट्ट्यात मनगटावरचे केस अडकतात. एफ-९१ चा पट्टा घड्याळाला जोडतो तिथे चिरतो खरा, पण पट्टाच बदलायचा असतो, घड्याळ नाही.

सेल दोघांतही सीआर २०१६, कंपनीच्या हिशेबाने सात वर्षांचा. तो बदलतानाच खरी गडबड होते. गजराचा आवाज काढणारी चकती मागच्या झाकणाला चिकटवलेली असते आणि तिला वीज पोचवते एक केसाएवढी बारीक स्प्रिंग. झाकण उघडताना ती उडाली तर वेळ बिनचूक दिसते, पण गजर मुका होतो. म्हणून सेल टाकून झाला की दुकानातच गजर वाजवून घ्या. रबरी कडं जागेवर बसलंय का तेही बघा, नाहीतर पहिल्याच पावसात काचेआड वाफ धरते.

रोजच्या वापरात दोघांच्या मर्यादा सारख्याच. स्टॉपवॉच एका तासाला पुन्हा शून्यावर येतं. कुकर, व्यायाम, भाषणाची तालीम यांना ते पुरतं, लांब पल्ल्याच्या धावण्याला नाही. गजर वीसेक सेकंद बारीक वाजतो. औषधाची वेळ कळायला तेवढा बास आहे, गाढ झोपणाऱ्याला उठवायला नाही. फेब्रुवारी कायम २८ दिवसांचा, त्यामुळे लीप वर्षात तारीख हाताने लावावी लागते.

पाण्याचे शिंतोडे दोन्ही सोसतात. रोज पोहायला जाणार असाल तर मात्र या दोघांच्या नादी न लागता १०० मीटरची खूण असलेलं डब्ल्यू-८००एच घ्या. त्याचा सेलही दहा वर्षांचा आहे.