टर्टल, नॉटिलस की हनली? हाताने चालणाऱ्या पाणबुडीचा प्रकल्प निवडताना

कॉलेजच्या प्रकल्पासाठी इंजिनाआधीच्या काळातली एखादी पाणबुडी घ्यायची, टाकीत तिचं चालतं मॉडेल दाखवायचं आणि सोबत हवेचा हिशोब मांडायचा, असं ठरवलं असेल तर नावं डझनभर सापडतील. मी तीनच सुचवेन. पहिली डेव्हिड बुशनेलची टर्टल, अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये 1775 साली बांधलेली. दुसरी रॉबर्ट फुल्टनची नॉटिलस, फ्रान्समध्ये 1800 साली पाण्यात उतरलेली. तिसरी एच. एल. हनली, अमेरिकी यादवीत दक्षिणेकडच्यांनी 1863 साली मोबाइल शहरात बांधलेली. पाण्याखाली तिन्हींना पुढे ढकलणारी ताकद माणसाच्या हातांचीच होती, पण श्वास, खोली आणि दिशा या तीन प्रश्नांना त्यांनी दिलेली उत्तरं बरीच वेगळी आहेत.

लंडनच्या थेम्स नदीत 1620 च्या दशकात कॉर्नेलिस ड्रेबेलने वल्ह्यांची पाणबुडी चालवली, तिचा मोह आवरा. ती कशी चालायची याबद्दल आख्यायिका भरपूर आणि मापं जवळजवळ नाहीत, त्यामुळे मॉडेल कशावरून करणार हा प्रश्न उरतो.

आधी खोलीचं बघू, कारण मॉडेल फसतं ते इथेच. पाणबुडी बुडवणं अवघड नाही. आत पाणी घेतलं की ती जाते खाली. अवघड आहे ते मध्येच थांबणं. पाण्याइतकंच वजन झालं की ती तरंगतही नाही आणि बुडतही नाही, पण त्या अवस्थेत चार-दोन किलो इकडेतिकडे झाले तरी ती हळूहळू एका बाजूला सरकत राहते आणि आपणहून परत येत नाही.

टर्टलमध्ये एकच माणूस बसायचा. ओकच्या लाकडांचं, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेलं आणि डांबर फासलेलं ते उभट कवच होतं. बुडायचं झालं की पायाने तळाची झडप दाबून पाणी आत घ्यायचं, आणि वर यायचं झालं की पितळी हातपंपांनी ते बाहेर काढायचं. पण बुशनेलची खरी हुशारी माथ्यावरच्या उभ्या पंख्यात होती. आधी पाणी कमी-जास्त करून तोल साधायचा आणि मग हा पंखा हाताने फिरवून वर किंवा खाली जायचं. यात पुढे जाण्याची गरजच नाही. टर्टल एका जागी उभी राहून खाली जाऊ शकायची, आणि तिला ते लागतही होतं, कारण शत्रूच्या जहाजाच्या पोटाखाली थांबून सुरुंग अडकवण्याचा स्क्रू वर फिरवायचा होता. सुमारे 900 पौंड शिसं भार म्हणून होतं. त्यातलं 200 पौंड आतूनच दोरीने खाली सोडता यायचं. पंप बिघडला तर शेवटचा उपाय तो.

फुल्टनने दुसरा मार्ग धरला. नॉटिलस साडेसहा मीटर लांब, लोखंडी सांगाड्यावर तांब्याचे पत्रे. तिच्या पोटाखाली लांबलचक पोकळ लोखंडी कणा होता आणि पाणी त्यातच घेतलं जायचं, म्हणजे टाकी सगळ्यात खाली. मागे सुकाणूपाशी आडवे पंख होते. ते तिरके केले की पुढे जाता जाता नाक खाली किंवा वर व्हायचं.

हनलीतही आडवे पंखच, पण पुढच्या भागात दोन बाजूंना, आणि कप्तानाच्या हातातल्या एका दांड्याने हलणारे. सुमारे 12 मीटर लांबीच्या या लोखंडी नळीत सात जण एकामागोमाग बसून एकच लांब दांडा फिरवायचे आणि आठवा पुढे बसून चालवायचा. आडव्या पंखांचा दोष असा की वेग असेल तरच ते काम करतात. दांडा फिरवणारे थकले की पंख निव्वळ पत्रे होतात आणि सगळा भरवसा टाक्यांवर येतो.

हनलीच्या टाक्या हाच तिचा सर्वांत शिकण्यासारखा आणि सर्वांत घातक भाग. एक टाकी पुढच्या टोकाला, एक मागच्या. प्रत्येकीला समुद्राकडे उघडणारी झडप आणि एक हातपंप. पण टाकीची भिंत छतापर्यंत पोचतच नव्हती. झडप वेळेत बंद झाली नाही, तर टाकी भरून पाणी थेट माणसांच्या पायाशी येणार.

15 ऑक्टोबर 1863 रोजी चार्ल्सटनच्या बंदरात नेमकं हेच झालं. त्या दिवशी बोटीला ज्याचं नाव आहे तो होरेस हनली स्वतः चालवत होता. बोट खाली गेली ती वर आलीच नाही. आठही जण गेले. पुढे ती वर काढली तेव्हा पुढच्या टाकीची झडप उघडी होती आणि ती फिरवायचा पाना तळाशी पडलेला होता. मागच्या माणसाने आपली टाकी पंपाने रिकामी केली होती. एरवी योग्यच कृती, पण नाकात पाणी भरत असताना शेपूट हलकी केली की बोट आणखी उभी होते आणि उरलेलं पाणीही पुढे धावतं. नाक चिखलात रुतलं. तळाचे लोखंडी भार सोडायचे बोल्ट आतून फिरवायची सोय होती. ते काही अंशी फिरवलेले आढळले, पण भार सुटले नव्हते. झाकणं बाहेर उघडणारी, त्यावर वरच्या पाण्याचा दाब, मग ती माणसाच्या खांद्याने उघडणार कशी?

मॉडेलपुरतं यातून काय घ्यायचं? लांब बोट निवडलीत तर टाक्यांची तोंडं पूर्ण बंद करा आणि अर्धवट भरलेल्या टाकीत आडव्या भिंती घाला. टर्टल निवडलीत तर हा ताप नाही, पण तोल फार काटेकोर लागतो, आणि माथ्यावरचा पंखा एका बाजूला फिरताना गोल कवच उलट्या बाजूला वळू पाहतं. शिवाय ज्या पाण्यात दाखवणार त्याच पाण्यात तोल साधा. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड, म्हणजे हजार लिटर पाणी बाजूला सारणाऱ्या बोटीला नदीतून खाडीत आल्यावर सुमारे 25 किलो भार वाढवावा लागतो.

हवेच्या बाबतीत तिघींचीही मुख्य युक्ती एकच: पाण्याखाली जाताना जी हवा आत आहे ती वापरायची आणि संपायच्या आत वर यायचं. टर्टलच्या माथ्यावर दोन नळ्या होत्या, पाणी चढलं की आपोआप बंद होणाऱ्या, आणि वर असताना आतली हवा बदलायला एक छोटा पंखा. पूर्ण बुडाल्यावर सुमारे अर्धा तास. हा आकडा पटण्यासारखा आहे. बेताचं काम करणारा माणूस मिनिटाला साधारण एक लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो असं धरा आणि आत हजार लिटर हवा धरा, तर अर्ध्या तासात त्या वायूचं प्रमाण तीन टक्क्यांवर जातं. तिथे धाप लागते, डोकं दुखू लागतं. प्राणवायू मात्र तेव्हाही पुरेसा असतो. माणूस गुदमरतो तो बहुधा स्वतःच सोडलेल्या वायूने, ही गोष्ट प्रकल्पात जरूर मांडा.

हनलीत मेणबत्ती हाच दिवा आणि हाच हवेचा काटा होता. तिच्या बांधणीत असलेला इंजिनिअर विल्यम अलेक्झांडर याने नंतर एका चाचणीची हकिगत लिहिली आहे. बोट तळाशी बसवून किती वेळ टिकता येतं ते बघायचं, आणि कुणी एकाने ‘वर’ म्हटलं की निघायचं, असं ठरलं. मेणबत्ती 25 मिनिटांतच विझली. तरी अंधारात ते बसून राहिले, आणि अखेर जवळजवळ सगळ्यांच्या तोंडून एकदमच ‘वर’ निघालं. पुढचा पंप चालला. अलेक्झांडरच्या हातातला मागचा पंप पाणीच ओढेना. त्याने अंधारात चाचपडत पंपाचं टोपण काढलं, झडप उचलली आणि आत अडकलेलं समुद्री गवत उपसलं, तेव्हा शेपूट उचलली. एकूण 2 तास 35 मिनिटं. किनाऱ्यावरच्यांनी तोवर आशा सोडली होती. मेणबत्ती विझणं म्हणजे मरण जवळ, असं नाही. पण स्वस्थ बसलेल्यांना मिळालेला हा वेळ दांडा फिरवणाऱ्यांना मिळणार नाही, कारण कष्टात माणूस कितीतरी पट हवा खर्चतो. हनलीवर भात्याला जोडलेल्या दोन श्वासनळ्याही होत्या, त्या पृष्ठभागाजवळ असतानाच्या.

फुल्टन या बाबतीत दोघांच्या पुढे. 1801 साली ब्रेस्टच्या बंदरात तीन साथीदारांसह तो तासभर खाली राहिला. मेणबत्त्या हवा खातात हे पाहून त्याने छतात जाड काचेची खिडकी बसवली आणि त्या उजेडात घड्याळ वाचता येतं अशी नोंद केली. मग तांब्याच्या गोळ्यात दाबून भरलेली हवा बरोबर घेतली आणि चार तासांहून अधिक काळ खाली काढल्याचं कळवलं. याने प्राणवायू वाढतो, वापरलेला वायू मात्र आतच राहतो. तो चुन्याने शोषून घ्यायचा मार्ग पुढे बार्सिलोनात नार्सिस मोंतुरिओलने धरला.

दिशेबद्दल थोडक्यात. टर्टलमध्ये होकायंत्र आणि खोली दाखवणारी काचेची नळी, दोन्हींवर कुजक्या लाकडावरची चमकणारी बुरशी लावलेली. आपल्याकडे पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानात दिसते तसलीच. कडाक्याच्या थंडीत ती चमकेनाशी झाली आणि बुशनेलच्या मंडळींना दुसऱ्या उजेडाची शोधाशोध करावी लागली. लाकूड आणि तांबं होकायंत्राला त्रास देत नाहीत; हनलीच्या लोखंडाचं तसं नाही. तिच्या कप्तानाला अधूनमधून वर येऊन डोळ्यांनी दिशा पाहावी लागायची. पण खरा शत्रू प्रवाह. सप्टेंबर 1776 मध्ये एझ्रा ली हा सैनिक टर्टल घेऊन न्यूयॉर्कच्या बंदरात ब्रिटिशांच्या ‘ईगल’ जहाजावर निघाला, तेव्हा ओहोटीने त्याला ताफ्याच्या पलीकडे नेलं. परत यायला अडीच तास पंखा फिरवावा लागला. तळाला स्क्रू शेवटी बसलाच नाही.

माझा कौल? एका सत्रात, लहान टाकीत काम दाखवायचं असेल तर टर्टल. पण तिच्या कामाचं मूळ चित्र उपलब्ध नाही. सगळीकडे दिसणारं चित्र 1875 सालचं, वर्णनांवरून काढलेलं, आणि त्यातला पिळाचा लांब स्क्रू बघून फसू नका. त्या काळच्या पत्रात पंख्याची तुलना पवनचक्कीच्या समोरासमोरच्या दोन पात्यांशी केली आहे. दोन पात्यांचाच पंखा लावा. मोजमापांची खात्री हवी असेल तर हनली, कारण ती 8 ऑगस्ट 2000 रोजी समुद्रातून वर काढली गेली आणि खरी बोटच अभ्यासायला मिळाली. फक्त टाकी निदान दोन-तीन मीटर लांब लागेल. नॉटिलस मी हवेच्या हिशोबासाठी घेईन, मॉडेलसाठी नाही. आणि कोणतीही घेतलीत तरी आधी तळाचा सुटणारा भार नीट चालतोय का ते पाहा, मग पंप जोडा.