दोन पंप, एक लाइन: आठ महिन्यांनंतर काय कळलं

फेब्रुवारीत रात्रपाळीच्या लाइटीत पाइपलाइन फुटली नसती, तर हे लिहायच्या भानगडीत मी पडलो नसतो. तोवर मी येईल त्याला सांगत होतो, दोन मोटरी बसवा, पण शेजारी-शेजारी नको, एकीच्या मागे एक बसवा. तो सल्ला निम्मा बरोबर होता. उरलेल्या निम्म्याची किंमत मी मोजली.

विहीर बंधाऱ्याशेजारी आहे, त्यामुळे पातळी वर्षभर फारशी हलत नाही. डाळिंबाच्या मळ्यातला हौद तिथून 400 मीटर लांब आणि विहिरीतल्या पाण्यापासून 12 मीटर उंच. लाइन जुनी, अडीच इंची म्हणजे 75 मिलिमीटरची, 4 किलो दाब सोसणारी. तिच्यावर 5 एचपीचा एक मोनोब्लॉक. थ्री-फेज आठ तास मिळते, त्यात हौद भरत नव्हता. चार इंची लाइनचं कोटेशन आणलं, आकडा बघून घडी घालून खिशात ठेवलं आणि पहिल्यासारखाच दुसरा मोनोब्लॉक घेतला. दुकानदार म्हणाला, "पॅरलल जोडा, म्हणजे शेजारी-शेजारी, पाणी डबल."

मीटर-बीटर माझ्याकडे नाही. माप 200 लिटरच्या ड्रमचं. एका पंपावर तो 32 सेकंदात भरायचा, म्हणजे सेकंदाला सव्वासहा लिटर. नोव्हेंबरात दोन्ही पंपांना वेगळा सक्शन, वेगळा फूटव्हॉल्व्ह, प्रत्येकाच्या तोंडाला पाणी उलटं न येऊ देणारा एनआरव्ही असं सगळं रीतसर करून पॅरलल चालू केले. 16 सेकंदांची आशा होती. ड्रम भरला साडेसव्वीस सेकंदात. पाणी वाढलं फक्त पाचवा हिस्सा!

पण मी खूश होतो, कारण माझं लक्ष अँपिअर मीटरवर होतं. बिल कमी येणं हा माझा जुना आजार. एकटा पंप सात अँपिअर घ्यायचा, आता प्रत्येक जण पावणेसहा घेत होता. वाटलं, ओझं वाटलं गेलं, मोटरी निवांत चालल्यात. दोन महिने मी हा काटा पाहुण्यांना दाखवला. मोटर भरणारे काका एकदा सहज आले, त्यांनीही बघितला आणि म्हणाले, "अण्णा, काटा खाली म्हणजे पंप पाणीच कमी ओढतोय. अर्धा व्हॉल्व्ह बंद करा, असाच खाली येईल." व्हॉल्व्ह आवळून बघितला. खरंच आला. सेंट्रिफ्यूगल पंपाचं हे उलटं गणित मला पन्नाशीत कळलं. पावणेसहा दुणे साडेअकरा हा हिशेब तर मी केलाच नव्हता. सातच्या जागी साडेअकरा अँपिअर मोजून पाणी वीस टक्के जास्त मिळत होतं.

मग पंपाचा कर्व्ह, म्हणजे किती पाण्याला किती दाब याचा आलेख, काढून बसलो. माझ्या पंपाचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना दाब 36 मीटर, आणि पाणी वाढेल तसा तो उतरत जातो. पॅरललमध्ये दाब तोच राहतो, त्या दाबाला दोघांचं पाणी मिळवायचं. म्हणजे कर्व्ह आडवा ताणला जातो. सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडले की, पाणी तेच राहतं, दाबाची बेरीज होते. कर्व्ह उभा वाढतो आणि बंद व्हॉल्व्हला 72 मीटर होतात. पण पंप कर्व्हवर कुठे चालणार हे पंप ठरवत नाही, पाइप ठरवतो. माझ्या लाइनीत सव्वासहा लिटरला नुसतं घर्षणच 14 मीटर खातं, चढाचे 12 वेगळे. पाणी दुप्पट केलं की घर्षण चौपट होतं, म्हणजे त्या लाइनीतून डबल पाणी न्यायला 68 मीटर दाब हवा. पॅरलल दोन काय, दहा पंप जोडले तरी 36 च्या वर कोणी जाणार नाही. दुकानदाराचं 'डबल' कागदावर खरं होतं, फक्त त्याच्या कागदावर पाइप नव्हता.

जानेवारीत जोडणी बदलली. विहिरीवरच्या पंपाची डिलिव्हरी थेट दुसऱ्याच्या सक्शनला. ड्रम 24 सेकंदात! पाणी वाढवायला सिरीज पॅरललपेक्षा सरस निघाली, हे ऐकून दुकानदार हसला होता. कारण साधं आहे: माझी लाइन चढापेक्षा घर्षणाने जास्त अडवत होती आणि तिला दाबच हवा होता. अँपिअर मात्र प्रत्येकी साडेसातवर गेले, नेमप्लेटवरच्या आकड्याला टेकले. आता तो चढलेला काटा बघून मी दुःखी! पाणी वाढलं याचा आनंद तेव्हा झालाच नाही.

फेब्रुवारीत गड्याने हौद भरला म्हणून खालूनच व्हॉल्व्ह बंद केला आणि मोटरी बंद करायला विहिरीकडे निघाला. पाणी वाहत असताना लाइनीवर साडेतीन किलोच्या आतच दाब होता. व्हॉल्व्ह बंद होताच दोन्ही पंप मिळून 72 मीटरला, म्हणजे सात किलोच्या आसपास गेले. पाइप 4 किलोचा. विहिरीजवळचं कपलिंग उडालं, तिथे दाब सर्वांत जास्त असतो. गड्याला मी रागावलो, नंतर लाज वाटली. एकट्या पंपावर तो वर्षानुवर्षं तसंच करत होता. तेव्हा दाब पाइपच्या सोसण्यातच होता, सिरीज मी केली होती.

तीन दिवस पाणी बंद. शेवटी खिशातलं कोटेशन बाहेर काढलं आणि मार्चमध्ये चार इंची, 6 किलोची लाइन टाकली. सहज म्हणून आधी एकच पंप चालू केला. ड्रम साडेबावीस सेकंदात भरला. पुन्हा भरला, तेच. जुन्या लाइनीवर दोन मोटरी जेवढं पाणी देत नव्हत्या, तेवढं एकट्याने दिलं, आणि साडेसातच्या आसपास अँपिअरमध्ये, म्हणजे निम्म्या विजेत. दुसऱ्या पंपाचे पैसे त्या क्षणी डोळ्यासमोर आले.

नवीन लाइनीवर पॅरलल करून बघितलं तर 14 सेकंद. दोन पंप घेताना ज्याची आशा होती, ते आता कुठे मिळालं. पाइप मोठा झाल्यावर घर्षण आधीच्या सातव्या भागावर आलं, उरला तो मुख्यतः चढ, आणि तिथे पॅरलल जिंकतं. याच लाइनीवर सिरीज केली असती तर हिशेबाने 19 सेकंदांच्या आसपास बसते. म्हणजे पंप तेच, हौद तोच, फक्त पाइप बदलला आणि दोन्ही जोडण्यांचा क्रम उलटला. जानेवारीत मी ज्यांना सिरीज करायला सांगितलं, त्यांतल्या दोघांना फोन करून आधी लाइन किती इंची हे विचारलंय.

सिरीज मी मोडीत काढलेली नाही. टेकाडावरचा तुकडा पाण्यापासून 40 मीटर उंच आहे. तिथे एक पंप किंवा पॅरलल दोन, दोन्हींचं पाणी 36 मीटरवर थांबून पाइपातच उभं राहील आणि पंप नुसता तापेल. तिथे सिरीजच लागणार, पण 10 किलोचा पाइप खालच्या निम्म्या भागात टाकून. शिवाय पहिला पंप ट्रिप झाला की दुसराही बंद पडेल अशी वायरिंग हवी, नाहीतर कोरडा फिरून त्याचं सील जळतं. वायरमन ते करून देतो म्हणालाय. पाइपचं नवं कोटेशन सध्या खिशातच आहे.